स्विच्ड कपॅसिटर फिल्टर: क्लॉकवरून कटऑफ कसा ठरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोक परत परत पाठवतात, म्हणून एका जागी आणलेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय म्हणजे आकडे डोक्यात राहतात: एक पोलचा लो-पास, छोटा कपॅसिटर C1 = १ पिकोफॅरड, मोठा कपॅसिटर C2 = १६ पिकोफॅरड, क्लॉक १०० किलोहर्ट्झ, आणि दोन मॉस स्विच ज्यांचा ऑन-रेझिस्टन्स प्रत्येकी ५ किलोओहम. पहिला स्विच C1 ला इनपुटशी जोडतो, दुसरा C1 ला C2 शी जोडतो, आणि C2 वरचा व्होल्टेज हेच आउटपुट. नवीन असाल तर क्रमाने वाचा, नाहीतर सरळ आपला प्रश्न शोधा.

१. कपॅसिटर तर डीसी अडवतो, मग तो रेझिस्टरसारखा कसा काय वागतो?

नुसता कपॅसिटर अडवतोच, पण इथे तो एका जागी जोडलेला नाहीये, तो ये-जा करतोय. बादलीने एका हौदातलं पाणी दुसऱ्या हौदात टाकत राहिलं तर दोन हौदांमध्ये पाइप नसूनही पाणी सरकतं, तसंच. पहिला स्विच चालू असताना C1 इनपुटच्या व्होल्टेजपर्यंत भरतो, मग तो स्विच बंद होतो, दुसरा चालू होतो आणि C1 जास्तीचा चार्ज C2 मध्ये ओततो. दोन्ही स्विच एकाच वेळी कधीच चालू नसतात (असले तर काय होतं ते प्रश्न ६ मध्ये). प्रत्येक क्लॉकला थोडा चार्ज, आणि सेकंदाला एक लाख क्लॉक, म्हणजे सरासरी करंट वाहतोच, आणि तो करंट दोन टोकांच्या व्होल्टेजच्या फरकाच्या प्रमाणात असतो. फरकाच्या प्रमाणात करंट म्हणजे ओहमचा नियमच झाला की.

फक्त "सरासरी" हा शब्द विसरू नका. सिग्नल क्लॉकच्या मानाने हळू बदलत असेल तोवरच हा रेझिस्टर खरा आहे, आणि प्रश्न ७ आणि १० मधल्या अडचणी इथूनच सुरू होतात.

२. R = 1/(fC) हे सूत्र कुठून आलं? आणि फ्रिक्वेन्सी वाढवली की रेझिस्टन्स कमी का होतो?

एका टोकाला V1, दुसऱ्या टोकाला V2 धरा. C1 आधी V1 पर्यंत भरला म्हणजे त्यात C1·V1 चार्ज, मग दुसऱ्या बाजूला जोडल्यावर V2 पर्यंत आला म्हणजे C1·V2 उरला. एका फेरीत पलीकडे गेलेला चार्ज हा या दोघांमधला फरक. सेकंदाला f_clk फेऱ्या होतात, तर

```
Q = C1 * (V1 - V2)
I = f_clk * C1 * (V1 - V2)
R = (V1 - V2) / I = 1 / (f_clk * C1)
```

आपल्या आकड्यांनी: १०० किलोहर्ट्झ आणि १ पिकोफॅरड, म्हणजे R = १० मेगाओहम. क्लॉक दुप्पट केला तर त्याच वेळात दुप्पट चार्ज जातो, करंट दुप्पट, म्हणून रेझिस्टन्स निम्मा, ५ मेगाओहम. C1 दुप्पट केला तरी तेच.

ही कल्पना जुनी आहे बरं का, मॅक्सवेलने १८७३ मध्येच स्विच आणि कपॅसिटर मिळून रेझिस्टन्ससारखं वागतात हे मांडलं होतं. चिपवर ती खरी उपयोगी पडली ती १९७७ च्या सुमारास, जेव्हा मॉस तंत्रज्ञानात चांगले स्विच आणि चांगले कपॅसिटर एकत्र मिळायला लागले.

३. एवढा खटाटोप करण्यापेक्षा चिपमध्ये सरळ १० मेगाओहमचा रेझिस्टर का टाकत नाहीत?

दोन कारणं आहेत, पहिलं जागेचं, आणि माझ्या मते दुसरं त्याहून महत्त्वाचं.

जागा आधी बघू. पॉलिसिलिकॉनच्या पट्टीचा रेझिस्टन्स दर चौकोनामागे मोजतात, समजा ५० ओहम प्रति चौकोन. १० मेगाओहमला दोन लाख चौकोन लागतील, आणि पट्टी २ मायक्रॉन रुंद असेल तर तिची लांबी होते ४० सेंटीमीटर. जास्त रेझिस्टन्सचे थर मिळतात, त्यांनी लांबी कमी होते, पण तरी ती नागमोडी पट्टी मोठी जागा खाते. उलट १ पिकोफॅरडचा कपॅसिटर साधारण ३० बाय ३० मायक्रॉनच्या आसपास बसतो, आणि दोन स्विच तर त्याहून लहान.

आता अचूकता. साध्या आरसी फिल्टरचा कटऑफ R आणि C च्या गुणाकारावर चालतो. चिप बनवताना R वेगळ्या कारणाने हलतो, C वेगळ्या कारणाने, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे एका वेफर लॉटमधून दुसऱ्यात गेलं की कटऑफ २०-३० टक्के इकडे तिकडे सहज जातो, शिवाय तापमानाने R बदलतो ते वेगळंच. स्विच्ड कपॅसिटरमध्ये R च्या जागी 1/(f·C1) आला की गुणाकाराचा भागाकार होतो: C2/C1. दोन्ही कपॅसिटर एकाच थरात, शेजारी शेजारी, एकाच वेळी बनलेत, ऑक्साइड जाड झालं तर दोघांसाठी जाड झालं, म्हणजे प्रत्येकाची किंमत चुकली तरी गुणोत्तर टिकतं. नीट लेआउट केला तर गुणोत्तरातली चूक ०.१ टक्क्याच्या पातळीवर आणता येते. उरला क्लॉक, आणि तो क्रिस्टलमधून येतो, त्याची चूक पीपीएममध्ये मोजतात.

टेलिफोनच्या कोडेक चिपमध्ये ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगच्या आधी ३.४ किलोहर्ट्झला नीट कापणारा फिल्टर लागायचा, आणि तो कुठलंही ट्रिमिंग न करता चिपवरच बसला तो याच कारणामुळे.

४. मग कटऑफचं सूत्र काय? एकदा पूर्ण आकडे घालून दाखवा.

साध्या आरसीचा कटऑफ 1/(2πRC2). त्यात R च्या जागी 1/(f_clk·C1) घाला:

```
fc = (f_clk / 2π) * (C1 / C2)
```

आपल्या उदाहरणात C1/C2 = १/१६, क्लॉक १०० किलोहर्ट्झ, तर कटऑफ येतो ९९५ हर्ट्झ. क्लॉक ५० किलोहर्ट्झ केला की ४९७ हर्ट्झ, २०० केला की १९८९ हर्ट्झ. फिल्टरमधला एकही भाग न बदलता कटऑफ क्लॉकबरोबर सरळ प्रमाणात सरकतो. अनेक पोलचा फिल्टर असेल तर सगळे पोल एकत्र सरकतात, म्हणजे बटरवर्थचा आकार बटरवर्थच राहतो, फक्त फ्रिक्वेन्सीचा अक्ष ताणला किंवा आवळला जातो.

मी १६ का घेतला तेही सांगतो. नेमका १ किलोहर्ट्झ हवा तर गुणोत्तर १५.९ येतं, पण लेआउटमध्ये कपॅसिटर एकसारख्या युनिटचे बनवायचे असतात, १ पिकोफॅरडचं एक युनिट C1 साठी आणि तशीच १६ युनिट C2 साठी, कारण एकसारख्या तुकड्यांची गुणोत्तरं सगळ्यात चांगली जुळतात. ०.९ युनिटचा तुकडा केला की त्याच्या कडांचा परिणाम वेगळा पडतो आणि अचूकता जाते. त्यापेक्षा गुणोत्तर पूर्णांकात ठेवा आणि राहिलेला फरक क्लॉकमधून भरून काढा. (नेमका किती क्लॉक लागेल ते प्रश्न ७ मध्ये, तिथे अजून एक दुरुस्ती आहे.)

५. खरा रेझिस्टर नाहीच तर उष्णता कुठे जाते? कपॅसिटर तर ऊर्जा खात नाही.

स्विचमध्ये जाते. एका फेरीत V1 च्या सोर्सकडून जेवढी ऊर्जा निघते आणि V2 ला जेवढी पोचते यांच्यात C1·(V1−V2)² एवढा फरक राहतो, त्यातली अर्धी पहिल्या स्विचमध्ये जळते आणि अर्धी दुसऱ्यात. सेकंदाला f_clk वेळा, म्हणजे f_clk·C1·(V1−V2)², जे बरोब्बर (V1−V2)²/R आहे. गंमत अशी की स्विचचा ऑन-रेझिस्टन्स या हिशोबात येतच नाही, स्विच ५ किलोओहमचा असो की ५०० ओहमचा, चार्ज पूर्ण बसू दिला तर जळणारी ऊर्जा तेवढीच.

६. क्लॉकची ड्यूटी सायकल ५०-५० नाहीये, ६०-४० आहे. कटऑफ चुकेल का?

नाही चुकणार. एका फेरीत किती चार्ज गेला ते फक्त C1 आणि दोन व्होल्टेजवर ठरतं, स्विच किती वेळ चालू होता यावर नाही, अट एवढीच की छोट्या फेजमध्येसुद्धा चार्ज पूर्ण बसला पाहिजे. आपल्याकडे टाइम कॉन्स्टंट ५ किलोओहम × १ पिकोफॅरड = ५ नॅनोसेकंद, आणि फेज चार-पाच मायक्रोसेकंदांची, म्हणजे काळजीचं कारणच नाही.

पण ड्यूटीपेक्षा एका वेगळ्या गोष्टीकडे बघा, ती म्हणजे दोन फेजचं ओव्हरलॅप. दोन्ही स्विच क्षणभर एकत्र चालू राहिले तर इनपुट आणि C2 यांच्यामध्ये १० मेगाओहम नाही, फक्त १० किलोओहम उरतात. समजा फेरीत एकूण १० नॅनोसेकंद असं झालं आणि दोन टोकांमध्ये १ व्होल्टचा फरक आहे, तर १०० मायक्रोअँप १० नॅनोसेकंद वाहिले, म्हणजे १ पिकोकूलंब. C1 एका फेरीत नेतो तोही १ पिकोकूलंबच! म्हणजे फेरीच्या एक हजारांश भागाच्या ओव्हरलॅपने कटऑफ जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. म्हणून एकाच क्लॉकला इन्व्हर्टर लावून दुसरी फेज काढू नका, नॉन-ओव्हरलॅपिंग क्लॉक जनरेटरच वापरा, म्हणजे क्रॉस-कपल केलेले दोन नॅंड किंवा नॉर गेट आणि मध्ये थोडे डिले.

७. सूत्राने ९९५ हर्ट्झ येतो पण सिम्युलेशनमध्ये ९६५ हर्ट्झ दिसतोय. चूक कुठे आहे?

तुमची चूक नाहीये, सूत्रच अंदाजे आहे. प्रश्न २ मध्ये आपण धरलं होतं की C1 ओतताना V2 हलत नाही, पण खरं तर C1 आणि C2 एकत्र जोडले की दोघांचा व्होल्टेज मधे कुठेतरी जुळतो, C2 थोडा वर येतो, म्हणून दर फेरीला चार्ज अंदाजापेक्षा थोडा कमी जातो. एकूण चार्ज तेवढाच राहतो हे धरून, इनपुट x आणि आउटपुट y असं लिहिलं तर

```
y[n] = (C2*y[n-1] + C1*x[n]) / (C1 + C2)
fc ≈ (f_clk / 2π) * ln(1 + C1/C2)
```

१/१६ म्हणजे ०.०६२५, आणि ln(1.0625) = ०.०६०६, म्हणून ९६५ हर्ट्झ, सुमारे ३ टक्के कमी. नेमका १ किलोहर्ट्झ हवा तर क्लॉक १०३.६ किलोहर्ट्झ ठेवा, झालं काम.

हा फरक क्लॉक आणि कटऑफ किती दूर आहेत यावर असतो. क्लॉक कटऑफच्या १०० पट असेल तर ३ टक्के, ५० पट असेल (C2/C1 = ८) तर जवळपास ६ टक्के, आणि कोणी १० पटीवर ओढलं (C2/C1 = १.६) तर २१ टक्के, तिथे "इक्विव्हॅलंट रेझिस्टर" ही भाषाच सोडून द्यावी आणि सरळ झेड-डोमेनमध्ये डिझाइन करावं. ऑपअँपवाल्या इंटिग्रेटरमध्ये चार्ज व्हर्च्युअल ग्राउंडवर ओततात, तिथे दुरुस्तीचं रूप वेगळं येतं, पण सॅम्पलिंगमुळे दुरुस्ती लागतेच.

यालाच लागून येणारा प्रश्न: "स्पाइसमध्ये .ac चालवलं तर फिल्टर दिसतच नाही." दिसणार नाहीच, कारण .ac एका ठरावीक ऑपरेटिंग पॉइंटवर सर्किट लिनियर करतो, त्या क्षणी एक स्विच उघडा असतो आणि तो उघडाच राहतो. ट्रान्झियंट चालवून एकेक फ्रिक्वेन्सी मोजा, किंवा तुमच्या सिम्युलेटरमध्ये पिरियॉडिक स्टेडी स्टेट आणि त्यावरचं पिरियॉडिक एसी असेल तर ते वापरा.

८. क्लॉक वाढवत नेला तर कटऑफ हवा तेवढा वर नेता येईल का?

नाही, वर एक छत आहे. स्विचला चार्ज बसवायला वेळ मिळेनासा झाला की 1/(fC) हे सूत्र सुटतं. ५० टक्के ड्यूटी असताना दोन स्विचचा हा जोड कितीही वेगाने हलवला तरी ऑन-रेझिस्टन्सच्या चौपटीखाली जात नाही, कारण प्रत्येक स्विच अर्धाच वेळ चालू असतो आणि त्या अर्ध्या वेळात त्याला दुप्पट करंट न्यावा लागतो. आपल्याकडे ती मर्यादा २० किलोओहम.

५० मेगाहर्ट्झ क्लॉकचं उदाहरण घ्या. सूत्र सांगतं २० किलोओहम, पण फेज फक्त १० नॅनोसेकंदांची, म्हणजे दोनच टाइम कॉन्स्टंट, आणि प्रत्यक्षात रेझिस्टन्स निघतो २६ किलोओहमच्या आसपास. कटऑफ अपेक्षेच्या साधारण तीन चतुर्थांशच मिळतो. ०.१ टक्क्यापर्यंत बसायला सात टाइम कॉन्स्टंट लागतात, म्हणजे ३५ नॅनोसेकंदांची फेज, म्हणजे या स्विचसाठी १४ मेगाहर्ट्झपर्यंतच निर्धास्त.

पण खऱ्या चिपमध्ये बहुतेक वेळा स्विचच्या आधी ऑपअँप दम टाकतो. त्यालाही प्रत्येक फेजमध्ये नव्या व्होल्टेजवर बसायचं असतं, म्हणून त्याची युनिटी-गेन बँडविड्थ क्लॉकच्या किमान पाचपट असावी असा ढोबळ नियम पाळतात. आणि तो अपुरा पडला की नुसता कटऑफ हलत नाही, जास्त क्यू असलेल्या सेक्शनचा क्यूसुद्धा बिघडतो, पासबँडच्या कडेला नको असलेला उंचवटा येतो.

९. मला ०.१ हर्ट्झचा फिल्टर हवाय, क्लॉक १० हर्ट्झ देऊन चालेल?

कागदावर चालेल, पण लीकेजचा हिशोब आधी करा. स्विचच्या जंक्शनमधून अगदी १ पिकोअँप गळत असेल आणि C1 १ पिकोफॅरड असेल तर C1 वरचा व्होल्टेज सेकंदाला १ व्होल्टने सरकतो. १०० किलोहर्ट्झला अर्धी फेरी ५ मायक्रोसेकंदांची, त्यात सरकतात ५ मायक्रोव्होल्ट, कोणाला कळणारही नाही. १० हर्ट्झला अर्धी फेरी ५० मिलिसेकंदांची, आणि सरकतात ५० मिलिव्होल्ट. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढलं की जंक्शनची गळती साधारण दुप्पट होते, म्हणजे टेबलावर ठीक चाललेला फिल्टर गरम डब्यात गेल्यावर ऑफसेट दाखवतो.

त्यामुळे खूप खालचा कटऑफ हवा असेल तर क्लॉक रांगता करण्यापेक्षा C2/C1 गुणोत्तर वाढवा, किंवा चक्क डिजिटल फिल्टर लावा. हे मी आडपडदा न ठेवता सांगतो कारण एक हर्ट्झच्या खाली स्विच्ड कपॅसिटरचा फायदा मला फार क्वचित दिसतो.

१०. १ किलोहर्ट्झचा लो-पास लावलाय, तरी आउटपुटला ५०० हर्ट्झचा सूर येतोय जो इनपुटमध्ये नाहीच! कुठून आला?

इनपुटमध्ये ९९.५ किंवा १००.५ किलोहर्ट्झचं काहीतरी आहे का बघा, स्विचिंग पॉवर सप्लायची कुजबुज तर हमखास तिथेच असते. C1 दर १० मायक्रोसेकंदांनी इनपुटचा नमुना घेतो, आणि १०० किलोहर्ट्झने घेतलेल्या नमुन्यांना ९९.५ किलोहर्ट्झ आणि ५०० हर्ट्झ यांच्यातला फरक कळत नाही. ते ५०० हर्ट्झ बनून पासबँडमध्ये येतं आणि फिल्टर त्याला आपलं समजून जाऊ देतो. एकदा आत आलं की पुढे कितीही पोल लावा, निघत नाही.

उपाय म्हणजे स्विचच्या आधी साधा आरसी फिल्टर, खऱ्या रेझिस्टरचा. तो अचूक असायची गरज नाही, हीच सोय आहे: १.६ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड म्हणजे सुमारे १० किलोहर्ट्झ, तो १०० किलोहर्ट्झजवळचा कचरा दहापट कमी करतो आणि १ किलोहर्ट्झला फक्त अर्धा टक्का खातो. दहापट पुरत नसेल तर दोन पोलचा लावा.

आता खरी मेख. क्लॉक बदलून कटऑफ हलवायचा असेल तर हा स्विचआधीचा आरसी हलत नाही! क्लॉक १० किलोहर्ट्झवर आणला, कटऑफ १०० हर्ट्झ झाला, पण आता घुसखोर १० किलोहर्ट्झच्या आसपास आहेत आणि तुमचा आरसी तिथे फक्त ३ डेसिबल कापतो. बरेच लोक पूर्ण रेंजमध्ये क्लॉक फिरवतात आणि खालच्या टोकाला अचानक गोंगाट का वाढला म्हणून विचारतात, कारण हे असतं. आरसी सगळ्यात कमी क्लॉकसाठी निवडा, आणि तो सगळ्यात वरच्या कटऑफला पासबँड खात असेल तर रेंज दोन भागात तोडा आणि दोन वेगळे आरसी ठेवा.

११. C1 इतका लहान ठेवला तर नॉइज वाढेल ना? आणि क्लॉक वाढवला तर?

स्विच उघडताना C1 वर जो नॉइज गोठतो तो kT/C चा, म्हणजे त्याच्या वर्गमुळाएवढा व्होल्टेज, खोलीच्या तापमानाला १ पिकोफॅरडवर ६४ मायक्रोव्होल्ट आरएमएस. पण आउटपुट C2 वर आहे, आणि आपल्या साध्या दोन-स्विच फिल्टरमध्ये तिथला एकूण नॉइज kT/C2 चा, १६ पिकोफॅरडला १६ मायक्रोव्होल्ट. क्लॉक बदलला तरी हा एकूण आकडा तोच राहतो, फक्त कटऑफबरोबर तो रुंद किंवा अरुंद पट्ट्यात पसरतो, खऱ्या आरसीतही अगदी असंच होतं. ऑपअँप असेल तर त्याचा नॉइज वर जमा होतो. नॉइज निम्मा हवा तर सगळे कपॅसिटर चौपट, म्हणजे जागाही जवळपास चौपट, दुसरी वाट नाही.

१२. तयार चिपवर ५०:१ किंवा १००:१ लिहिलेलं असतं ते काय? आणि कुठलं घेऊ?

तो क्लॉक आणि कटऑफचा भागाकार. आतलं C2/C1 कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, प्रश्न ७ ची दुरुस्तीही त्यातच धरलेली असते. MAX291 हा आठ पोलचा बटरवर्थ १००:१ आहे, म्हणजे १०० किलोहर्ट्झ दिला की १ किलोहर्ट्झ, तर MAX295 तसाच पण ५०:१. MF10 मध्ये पिनवरून ५० की १०० ते निवडता येतं.

पर्याय असेल तर मी १००:१ घेतो, कारण घुसखोर फ्रिक्वेन्सी पासबँडपासून दुप्पट दूर जातात आणि स्विचआधीचा आरसी सोपा होतो. कटऑफ वर न्यायचा असेल आणि क्लॉकची कमाल मर्यादा आड येत असेल तर ५०:१.

एक गोष्ट मात्र जपा. अशा काही चिपमध्ये बाहेरून एक कपॅसिटर लावला की आतला ऑसिलेटर चालू होतो, सोयीचं वाटतं, पण मग क्लॉक त्या कपॅसिटरच्या किमतीवर अवलंबून राहतो आणि प्रश्न ३ मध्ये मिळवलेली सगळी अचूकता हातची जाते. कटऑफ नेमका हवा असेल तर क्लॉक क्रिस्टलवरून किंवा मायक्रोकंट्रोलरच्या टायमरवरून द्या. १६ मेगाहर्ट्झला १६० ने भागलं की १०० किलोहर्ट्झ, आणि भाजक एकाने बदलला की कटऑफ साधारण ०.६ टक्क्याने सरकतो, त्याहून बारीक पायरी हवी तर जास्त वेगाचा टायमर लागेल.

१३. आउटपुटला स्कोपवर पायऱ्या आणि टोकदार काटे दिसतात, चिप खराब आहे का?

नाही. पायऱ्या म्हणजे दर क्लॉकला बदलणारं आउटपुट, आणि काटे म्हणजे स्विचच्या गेटमधून निसटणारा क्लॉक. दोन्ही क्लॉकच्या फ्रिक्वेन्सीला आहेत, आउटपुटनंतर एक आरसी लावला की जातात. मात्र पुढे एडीसी असेल आणि तो याच क्लॉकवर चालत असेल तर काट्यांच्या वेळी नमुना न घेता फेजच्या शेवटी घ्या, मग बऱ्याचदा या आरसीचीही गरज पडत नाही.

१४. बनून आलेल्या चिपचा कटऑफ मोजला तर १० टक्के जास्त आहे. दोष नेमका कुठे ते कसं ओळखू?

आधी क्लॉक दोन-तीन वेगवेगळ्या किमतींवर ठेवून प्रत्येक ठिकाणी कटऑफ मोजा आणि fc/f_clk काढा. हा भागाकार सगळीकडे तोच आला पण चुकीचा असेल तर गडबड गुणोत्तरात किंवा ओव्हरलॅपमध्ये आहे. क्लॉक वाढवल्यावरच तो घसरत असेल तर सेटलिंग (प्रश्न ८). क्लॉक कमी केल्यावर डीसी ऑफसेट वाढत असेल तर गळती (प्रश्न ९).

१० टक्के जास्त आणि सगळीकडे सारखंच, म्हणजे पहिला संशय पॅरासिटिकवर. कपॅसिटरच्या खालच्या प्लेटला सब्सट्रेटशी जो नको असलेला कपॅसिटन्स असतो तो मुख्य किमतीच्या १० टक्के सहज भरतो. आपल्या दोन-स्विच रचनेत C1 च्या वरच्या टोकाला लागलेला कुठलाही पॅरासिटिक C1 मध्येच जमा होतो, ०.१ पिकोफॅरड लागला की C1 १.१ झाला, रेझिस्टन्स कमी, कटऑफ वर. चुकून खालची प्लेट स्विचच्या बाजूला आणि वरची प्लेट ग्राउंडला जोडली गेली असेल तर बरोब्बर हेच दिसतं. प्लेट उलटवल्या तरी स्विचच्या जंक्शनचा आणि तारांचा वाटा उरतोच, आणि जंक्शनचा वाटा व्होल्टेजबरोबर बदलतो, त्यामुळे थोडं डिस्टॉर्शनही येतं.

पक्का इलाज म्हणजे चार स्विचची रचना, जी ऑपअँपच्या इंटिग्रेटरबरोबर वापरतात. त्यात C1 च्या दोन्ही टोकांना स्विच असतात, एक टोक इनपुट आणि ग्राउंडमध्ये फिरतं, दुसरं ग्राउंड आणि व्हर्च्युअल ग्राउंडमध्ये. पहिल्या टोकाचा पॅरासिटिक इनपुट भरतो आणि ग्राउंडमध्ये रिकामा होतो, आउटपुटकडे जातच नाही, आणि दुसऱ्या टोकाचा कायम शून्य व्होल्टच्या आसपास असल्यामुळे त्यात चार्जच साठत नाही.

पॅरासिटिक आणि ओव्हरलॅप वेगळे ओळखायचे असतील तर नुसता क्लॉक फिरवून भागत नाही, कारण दोघंही दर फेरीला ठरावीक जादा चार्ज नेतात, म्हणून दोघांत fc/f_clk स्थिरच राहतो. सप्लाय व्होल्टेज किंवा तापमान बदलून बघा. ओव्हरलॅपमधला चार्ज स्विचच्या ऑन-रेझिस्टन्सवर आणि गेटच्या डिलेवर चालतो, तो लगेच हलतो आणि कटऑफही हलतो. पॅरासिटिकचा कटऑफ जवळपास जागेवरच राहतो.